सहाच्या खाली

फोटो माझ्या पुतणीनं काढला होता. तिचा मोबाइल नवा, त्याला कॅमेरा, त्यामुळे तेव्हा ती दिसेल त्याचा फोटो काढायची. म्हशीचा, देवळाच्या कळसाचा, एकदा तर माझ्या टकलाचा. त्या रविवारी ती अंबडहून बसनं जालन्याला आमच्या घरी आली, चपला काढायच्या आधीच मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, आईनं पाठवलंय. नीट बघा. तिचं सचिवपद ह्याच्यावर हाय."

तिची आई म्हणजे माझी थोरली वहिनी. आणि मी जालन्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा मास्तर. आमच्या खानदानात आकड्यांवर पोट भरणारा मी एकटाच, बाकी सगळे शेती आणि म्हशी.

मोबाइलची स्क्रीन केवढी, तर काडेपेटीएवढी. तिच्यावर एक काळा फळा दिसत होता. गावातल्या महिला दूध संस्थेच्या संकलन केंद्रातला तो फळा. वर पिवळ्या खडूनं लिहिलं होतं: "सकाळची फॅट सरासरी ६ पेक्षा कमी आहे काय?" खाली पांढऱ्या खडूनं तीन ओळी: नमुने १६, सरासरी ५.९, प्रमाण विचलन ०.२. तो शेवटचा दशांशाचा ठिपका फोटोत चकाकीनं पार खाऊन टाकला होता. मी डोळे बारीक करून म्हणालो, "हे दोन हाय का शून्य दशांश दोन?" मग मीच माझ्यावर वैतागलो. एकाच केंद्राच्या कॅनची फॅट रोज दोन-दोननं वरखाली व्हायला ते दूध आहे का चेष्टा? ०.२च. पुतणीनंही मान हलवली.

हे आकडे कुणाचे, तर शीतकरण केंद्राच्या सुपरवायझरचे. आमच्या भागात गावोगावचं दूध आधी शीतकरण केंद्राला जातं, तिथं गार होतं, मग पुढं. म्हशीच्या दुधाला सहा फॅट हा धरलेला दर्जा. महिनाभर आधी त्या सुपरवायझरनं फळ्यावर तो पिवळा प्रश्न लिहिला, मग सोळा सकाळी गावातल्या सगळ्या बायांचं एकत्र झालेलं दूध ढवळून, त्यातला नमुना घेऊन स्वतः फॅट लावली. काचेची नळी, आम्ल, हातानं फिरवायचं चक्र, सगळं रीतसर. शेवटी गोषवारा फळ्यावर लिहिला आणि रोजच्या चिठ्ठ्या घेऊन निघून गेला. म्हणाला, बघतो साहेबांना विचारून. तोवर गावात बोंब झाली: फॅट सहाच्या खाली, म्हणजे केंद्रात पाणी घालतात. आणि केंद्र म्हणजे कोण? सचिव. म्हणजे वहिनी.

वहिनीबद्दल सांगायला पाहिजे, न्हाईतर पुढचं कळणार नाही. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. आई आजारी असायची. मला शाळेत धाडायचं, परीक्षेच्या दिवसात डोक्याला तेल चोळायचं, औरंगाबादला शिकायला निघालो तेव्हा दादाशी भांडून मला पैसे द्यायला लावायचं, हे सगळं तिनं केलं. मी एमएस्सी झालो तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले आणि विषय कोणता म्हणून कुणी विचारलं तर ठणकावून सांगितलं, "हिशोबाचा, लई मोठा हिशोबाचा." स्वतः सातवी. पुढं पोरं मोठी झाल्यावर महिला दूध संस्था निघाली आणि बायांनी तिला सचिव केलं. चाळिशी उलटल्यावर तिला पहिल्यांदा कुणी कागदावर सही मागितली. तिची चालच बदलली होती. पहाटे पदर खोचून केंद्राचं कुलूप उघडायला निघाली की दादा थट्टेत म्हणायचा, "चालल्या कलेक्टरीणबाई."

त्या सचिवपदावर आता बोट उठलं होतं. आणि तिनं काय करावं? भर गल्लीत सांगितलं, "मी पाणी घातलं का न्हाई ते आमच्या भाऊजींना विचारा. ते ह्यातलेच मास्तर हायेत. ते जे म्हणतील ते मला कबूल." अहो, एवढा भरवसा माणसानं माणसावर टाकू नये.

मी वही घेतली. पुतणी शेजारी बसून बघत होती. हिशोब काही मोठा नाही, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं पोरगं करील. खरी सरासरी सहाच आहे असं आधी धरायचं. मग सोळा नमुन्यांची सरासरी सहापासून किती लांब पडली ते बघायचं: ५.९ वजा ६, म्हणजे उणे ०.१. पण ०.१ हे फार का थोडं, हे नुसतं बघून कळत नाही. रोजची फॅट मुळातच थोडी वरखाली होते. म्हणून प्रमाण विचलनाला, म्हणजे ह्या वरखालीच्या मापाला, सोळाच्या वर्गमुळानं, म्हणजे चारनं भागायचं. ०.२ भागिले ४, ०.०५ आलं. उणे ०.१ला त्यानं भागलं की टीची, म्हणजे ह्या चाचणीच्या आकड्याची, किंमत उणे २. स्वातंत्र्यमात्रा सोळातून एक वजा, पंधरा. बस. आता कोष्टक उघडायचं आणि बघायचं, उणे दोन हे योगायोगानं पडण्याएवढं जवळ आहे की नाही.

आणि इथंच मी पेन खाली ठेवलं. कारण कोष्टकात दोन आकडे होते आणि माझी उणे दोन बराबर त्यांच्या मधे अडकली होती.

प्रश्न जर "सरासरी सहापेक्षा वेगळी आहे का" असा असेल, वेगळी म्हणजे जास्त किंवा कमी, कशीही, तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात. चुकीचा निकाल द्यायचा पाच टक्क्यांचा धोका दोन्ही शेपट्यांत, म्हणजे दोन्ही टोकांना, अडीच-अडीच वाटला जातो. मग पंधरासाठी सीमा येते २.१३१. माझे दोन तिच्या आत. म्हणजे सहा नाही असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, वहिनी सुटली. पण प्रश्न जर "सहापेक्षा कमी आहे का" असा असेल तर सगळे पाच टक्के खालच्या एकाच शेपटीत. सीमा उणे १.७५३. माझी उणे दोन तिच्या पलीकडं. म्हणजे कमी आहे, वहिनी अडकली. आकडे तेच, दूध तेच. शेपटी कोणती धरता एवढाच सवाल.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे एका सोबत्याला सांगितलं. तोही संख्याशास्त्राचाच. त्यानं चहा फुंकला आणि म्हणाला, "मंग त्यात काय, दोन शेपट्या लाव ना. कोण बघून राह्यलंय?"

मी त्याच्यावर असा भडकलो की विचारू नका. म्हणालो, "प्रश्न नमुने घ्यायच्या आधी फळ्यावर लिहिलाय. 'कमी आहे काय' असा लिहिलाय. आता उत्तर बघून मी प्रश्न बदलू? वर्गात पोरांना वर्षानुवर्षं काय शिकवून राह्यलो मी? शेपटी आधी ठरते, आकडा मागून येतो!" तो हसला. "देवमाणूस आहेस बाबा," म्हणाला. मला ते टोचलं नाही. उलट छाती फुगली. सख्ख्या वहिनीसाठीसुद्धा मी शेपटी बदलत नाही! खरं सांगतो, त्या दोन-तीन दिवसांत मी स्वतःवर एवढा खूश होतो की आरशात बघताना थोडा ताठ उभा राहायचो. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

कारण शेपटी मी बरोबरच धरली होती. ते आजही म्हणतो. माती पुढं खाल्ली.

सभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. अंबडपर्यंत बस, पुढं काळीपिवळी जीप, वाटेत अंकुशनगरच्या कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकत अडकत मी पोचलो. संस्था महिलांची, पण वऱ्हांड्याच्या कडेला नवऱ्यांचीच गर्दी जास्त. मधे सतरंजीवर बाया. वहिनी पुढच्या रांगेत, नवीन लुगडं नेसून. माझ्याकडं बघून हसली. ते हसू असं होतं, की आता आलं आमचं माणूस.

मी शाळेचा फळा पुढं ओढला आणि पहिल्या वाक्यालाच चूक केली. म्हणालो, "मी इथं दीर म्हणून आलो नाही. मास्तर म्हणून आलोय." कुणी विचारलं होतं का? कुणीच नाही. पण कडेला उभे असलेले लोक एकमेकांकडं बघत होते, सख्खा दीर काय बोलणार ते दिसतंच, असं ते तोंडावर घेऊन उभे होते. ते मला सहन होईना. ह्याच गावातून शिकायला गेल्तो आणि ह्याच लोकांपुढं मला कुणी घरच्यांची पाठराखण करणारा म्हणावं, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मग मी सगळं फळ्यावर मांडलं. सोळा नमुने, सरासरी, ०.०५, उणे दोन, दोन्ही सीमा. आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "ही दुसरी सीमा धरली असती तर निकाल माझ्या घरच्या माणसाच्या बाजूनं गेला असता. पण प्रश्न 'कमी आहे काय' असा होता. म्हणून मी हीच धरतो. निकाल असा, की सकाळच्या दुधाची सरासरी फॅट सहापेक्षा कमी आहे."

इथं मी बसायला पाहिजे होतं. एवढंच वाक्य होतं. ह्याच्या पुढं एक अक्षर बोलायचा मला अधिकार नव्हता. त्या हिशोबात पाणी हा शब्दच नव्हता. त्यात फॅट होती, सहा होते, सोळा सकाळी होत्या, बाकी काही नव्हतं.

पण संस्थेच्या अध्यक्षीणबाईंचे यजमान कडेवरून ओरडले, "सर, ते उणे-बिणे राहू द्या. आम्ही अडाणी माणसं. सरळ एका शब्दात सांगा, पाणी हाय का न्हाई?"

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती बिलकुल नव्हती, मी काहीतरी शहाण्यासारखं बोलणार अशी खात्री होती. आणि मी खडूचे हात झटकत, भल्या निःपक्षपाती माणसासारखा, म्हणालो, "आकडा तर तेच सांगतोय."

झालं! कडेला एकदम गलका उठला. "ऐकलं का? घरचाच माणूस बोलला!" "सख्ख्या दिरानं सांगितलं!" एक म्हातारा तर माझ्या पाठीवर थाप मारून गेला. "वा मास्तर, न्याय म्हणावा तर असा." आणि मला, काय सांगू, क्षणभर बरं वाटलं. थू त्या क्षणाला.

वहिनी उठली. तिनं आरडाओरडा केला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी काहीतरी उलटं बोलून मोकळा झालो असतो. तिनं कमरेची केंद्राची किल्ली सोडली, अध्यक्षीणबाईंच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घराकडं चालायला लागली. दादा खांबाला टेकून उभा होता. तो माझ्याजवळ आला, अगदी हळू म्हणाला, "तू आज घरी जेवायला येऊ नको," आणि तिच्या मागं गेला. मी आलेल्याच जीपनं परत गेलो.

तरी मी स्वतःला समजावत होतो. खरं ते खरं, नात्याला काय करायचं! घरात बायकोलाही हेच ऐकवलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "वहिनी पाणी घालतील असं तुम्हाला वाटतं?" मी म्हणालो, "मला वाटायचा प्रश्नच नाही, आकडा..." ती म्हणाली, "मी आकड्याला विचारलं नाही, तुम्हाला विचारलं." मी उठून गच्चीवर गेलो.

पुढच्याच आठवड्यात तो शीतकरण केंद्राचा सुपरवायझर मला कॉलेजच्या फाटकाशी भेटला. तरुण पोरगा, परभणीला शिकलेला. मोटरसायकल लावून माझीच वाट बघत होता. चेहरा पडलेला.

"सर, तुम्ही सभेत पाणी म्हणालात?"

मी म्हणालो, "फॅट सहाच्या खाली आहे, हे तुमच्याच आकड्यांवरून..."

"खाली हाय, कबूल. तेच तर मला पाहिजे होतं. सर, पण पाणी कुठून आलं? डिग्री रोज बराबर लागत होती. पाणी घातलं असतं तर आधी डिग्री पडली असती. माझ्या मनात पाण्याचा संशयच नव्हता. दिवाळीच्या आसपास निम्म्या म्हशी नुकत्या व्यालेल्या, वर नुसता हिरवा चारा खाऊन राहिल्यात. फॅट कमीच लागणार. ती खरंच कमी हाय का आपलं एखादा दिवस तसा पडून राह्यला, एवढंच बघायचं होतं. खरंच कमी निघाली तर केंद्राला सवलतीत सरकी पेंड मिळते, डॉक्टर येऊन जनावरं बघतो. त्यासाठी प्रश्न लिहिला होता मी. तुमचा निकाल तसाच पुढं गेला असता तर ताईंच्या केंद्राला पेंड लागली असती."

मी फाटकाचा गज धरला. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं माप, दुधाच्या घट्टपणाचं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? म्हशींच्या घरात वाढलो मी. लहानपणी डेअरीच्या रांगेत उभं राहून डिग्री किती लागली ते ओरडून सांगायचं काम माझंच होतं. म्हैस व्याली की सुरुवातीला फॅट पडते हे आमच्या घरात जेवताना बोलायचा विषय. सगळं माहीत होतं. त्या फळ्यापुढं उभा राहिलो तेव्हा मात्र मला फक्त टी माहीत होता. वर्गात पोरं "म्हणून नवीन औषध चांगलं आहे" असं लिहितात तेव्हा लाल पेनानं खरडतो मी: सरासरी वेगळी, एवढंच म्हणा, का वेगळी, ते ही चाचणी सांगत नाही. आणि तेच मी, भरल्या सभेत, माझ्या आईच्या जागी असलेल्या बाईबद्दल! लाज ह्या शब्दानं ते भागत नाही. पण दुसरा शब्द मला येत नाही.

सुपरवायझर म्हणाला, "जल्दी काहीतरी करा सर. नव्या सचिवबाईंना धड नमुना ढवळता येईना."

रविवारी पुन्हा सभा भरवली. मीच हातापाया पडून भरवायला लावली. सुपरवायझरही आला. कडेची गर्दी आज कमी होती. मास्तरनं वहिनीला पाडलं हे बघायला जेवढी माणसं येतात, तेवढी मास्तर चुकला हे बघायला येत नाहीत. वहिनी आली नव्हती. दादानं निरोप दिला, "तिला रानात काम हाय."

मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. उभं राहून सांगितलं, "मागल्या खेपेला मी जे शेवटचं बोललो ते चूक होतं. हिशोब बरोबर होता, बोललेलं चूक. हिशोब एवढंच सांगतो, की खरी सरासरी सहा असती तर सोळा नमुन्यांत इतकी कमी फॅट क्वचितच लागली असती, शंभरात पाच वेळाही नाही. म्हणून आपण म्हणतो, सरासरी सहापेक्षा कमी आहे असं मानायला पुरेसा पुरावा आहे. का कमी, हे हिशोब सांगत नाही. पाणी आहे असं तो सांगत नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं."

सुपरवायझरनं डिग्रीचं समजावलं, व्यालेल्या म्हशींचं सांगितलं, पेंडीचा अर्ज झाल्याचं सांगितलं. बायांनी मान हलवली. म्हशी त्यांच्याच होत्या, त्यांना ते पटायला काय अवघड! एक जाडजूड बाई, वहिनीची जुनी मैत्रीण, मागून म्हणाली, "मास्तर, हे तवा का न्हाई बोललात?"

मी बोललो नाही, कारण मला न्यायी दिसायचं होतं. हे मी तिथं म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं. नुसतं म्हणालो, "चुकलं." ती म्हणाली, "तुमचं चुकलं, खर्चा तिचा झाला."

बायांनी एकमतानं ठराव केला, सचिव पुन्हा वहिनीच. अध्यक्षीणबाई स्वतः किल्ली घेऊन निघाल्या, मीही मागं मागं गेलो. वहिनी रानातून आलेली होती, ओसरीवर पाय धूत होती. अध्यक्षीणबाईंनी किल्ली पुढं केली. वहिनी म्हणाली, "असू द्या तुमच्यापाशीच. राग न्हाई हो. पण मी घरचं दूध घालायला केंद्रात गेले तरी बाया आता माझ्या हाताकडं बघतेत. त्यांच्या मनात नसंल तरी बघतेत. दूध मापताना मला तेच दिसत राहील." अध्यक्षीणबाईंनी पुष्कळ समजावलं. ती नाहीच म्हणाली. शेवटी त्या उठून गेल्या.

मी ओसरीवर एकटा उरलो. तिच्या पायाशी वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. "हे काय भाऊजी, लहान हायेत का तुम्ही आता," म्हणाली, आणि नेहमीसारखी माझ्या पोरांची चौकशी केली, बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही. मीच मधे म्हणालो, "वहिनी, मला काहीतरी बोला." ती म्हणाली, "काय बोलू? तुमच्या विद्येचं मला काय कळतंय. तुम्ही म्हणालात तवा मलाच वाटलं, रातच्याला कुणी घालत असंल का पाणी? दोन दिवस मी आमच्याच घरच्या माणसांवर संशय घेऊन राह्यले."

तिचा माझ्यावरचा भरवसा एवढा होता, की माझ्या एका वाक्यानं तिला स्वतःच्या घरावरचा भरवसा सोडावा लागला होता.

पुतणीनं आतून विचारलं, "आई, चहा ठेवू का काकांना?" वहिनी म्हणाली, "ठेव की." मग जराशानं, काही वेगळं सांगत नसल्यासारखी, तिनं हाक मारली, "आन् दूध आत घालू नको गं. इथं आणून काकांच्या पुढ्यात घाल." ती टोमणा मारत नव्हती. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. पुतणी कपात कोरा चहा आणि तांब्यात दूध घेऊन बाहेर आली, माझ्यापुढं बसली, आणि मी बघत असताना तिनं कपात दूध ओतलं.